येस बँकेचे ८,४१५ कोटी: बेमुदत रोख्यांमधली न दिसणारी जोखीम

शनिवार, १४ मार्च २०२० रोजी येस बँकेनं शेअर बाजारांना एक सूचना पाठवली. सुमारे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे बँकेनं पूर्णपणे आणि कायमचे निर्लेखित केले आहेत, असं तिच्यात म्हटलं होतं. या रोख्यांचं व्याज तर थांबलंच, मुद्दलही शून्य झालं. ठेवीदारांचे पैसे मात्र सुरक्षित राहिले. पैसे काढण्यावरचे निर्बंध १८ मार्चला उठले आणि त्यांचं एका रुपयाचंही नुकसान झालं नाही. बँकेच्या भागधारकांचे शेअरही त्यांच्या डिमॅट खात्यात तसेच राहिले. ज्यांच्याकडे शंभरांपेक्षा जास्त शेअर होते त्यांच्या ७५ टक्के शेअरांच्या विक्रीवर तीन वर्षांची बंदी आली, पण शेअर रद्द झाले नाहीत. उलट त्यांचा भाव पुढच्या काही दिवसांत दुपटीहून जास्त झाला.

कंपनी बुडाली की आधी मालकाचे पैसे जातात आणि मग धनकोचे, हा व्यापारातला जुना नियम आहे. येस बँकेत धनको शून्यावर आले आणि मालक टिकले. हा अपघात नव्हता. या रोख्यांच्या अटींमध्येच त्याची वाट मोकळी ठेवलेली होती.

बाजारात या रोख्यांना 'एटी-१' म्हणतात, म्हणजे अतिरिक्त टियर-१ भांडवल. २००८ च्या संकटात अनेक देशांच्या सरकारांना करदात्यांच्या पैशांतून बँका वाचवाव्या लागल्या. तेव्हा ठेवीदार आणि भागधारक यांच्या मधोमध एक असा गट असावा, ज्याचे पैसे बँक चालू असतानाच तोटा भरून काढायला वापरता येतील, असा विचार पुढे आला. बासेल-३ नियमांनी हा गट तयार केला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या दर १०० रुपयांच्या जोखीम-भारित मालमत्तेमागे किमान ५.५० रुपयांचं भागभांडवल आणि एकूण ७ रुपयांचं टियर-१ भांडवल लागतं. यांतलं दीड रुपयाचं अंतर या रोख्यांनी भरता येतं. शिवाय आणखी अडीच रुपयांची राखीव उशी ठेवावी लागते, पण ती शुद्ध भागभांडवलाचीच. बँकेला या रोख्यांचं आकर्षण उघड आहे. नवे शेअर न काढता, जुन्या भागधारकांचा हिस्सा पातळ न करता भांडवल वाढतं.

नियामकानं या कर्जाला भांडवल मानायचं, तर ते भांडवलासारखं वागायला हवं. म्हणून त्याला मुदत नसते. पाच वर्षांनंतर बँक ते परत घेऊ शकते, पण रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं आणि स्वतःच्या मर्जीनं. रोखेधारकाला पैसे परत मागण्याचा हक्क नसतो. व्याज द्यायचं की नाही हेही बँक ठरवते. एखाद्या वर्षी दिलं नाही तर ती थकबाकी ठरत नाही, ते व्याज पुढच्या वर्षात साठतही नाही. फक्त तेवढा काळ बँकेला भागधारकांना लाभांश देता येत नाही. आणि शेवटची अट म्हणजे बँक अडचणीत आली की मुद्दल पुसता येतं.

इतक्या अटी मान्य करून गुंतवणूकदाराला मिळतं काय, तर मुदत ठेवीपेक्षा दीड-दोन टक्के जास्त. या जादा पैशाला व्याज समजणं ही सगळ्या घोटाळ्याची सुरुवात आहे. खरं तर तो विम्याचा हप्ता आहे. रोखेधारकानं बँकेच्या बुडण्याचा विमा उतरवला आहे आणि बँक त्याला दरवर्षी हप्ता देते. घटना घडेपर्यंत विमा कंपनीचं उत्पन्न छान, नियमित आणि विनासायास दिसतं. फरक इतकाच की विमा कंपनी हजारो घरांचा विमा उतरवते. ज्या निवृत्त माणसानं आपली शिल्लक एका बँकेच्या अशा रोख्यांत टाकली, त्यानं एकाच घराचा विमा उतरवलेला असतो, आणि तोही स्वतःच्या सगळ्या पुंजीच्या बळावर.

हप्ता पुरेसा आहे की नाही, याचा हिशेब अवघड नाही. समजा, ठेव ७ टक्के देते आणि रोखा ९ टक्के. दहा लाखांवर वर्षाला २० हजार रुपये जास्त मिळतात. घटना घडली तर दहा लाख मुद्दल आणि त्या वर्षीचं व्याज, दोन्ही जातं. याचा अर्थ, वर्षभरात घटना घडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा थोडी कमी असेल, तरी जादा उत्पन्न सरासरीनं साफ होतं. आता येस बँकेचा रोखा घेऊ. डिसेंबर २०१६ मध्ये बँकेनं ३,००० कोटींचे रोखे ९.५ टक्क्यांनी काढले. त्यात दहा लाख घालणाऱ्याला तीन वर्षांत २ लाख ८५ हजार व्याज मिळालं असेल. ७ टक्क्यांच्या ठेवीत २ लाख १० हजार मिळाले असते. म्हणजे ७५ हजारांच्या जादा कमाईसाठी दहा लाख पणाला लागले आणि गेले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. साधा कंपनी रोखाही बुडू शकतो, मग याचं वेगळेपण काय? वेगळेपण तोट्याच्या आकारात आहे. साधी कंपनी बुडाली की मालमत्ता विकून, दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून धनकोंना काहीतरी हाती लागतं. वेळ जातो, रक्कम अपुरी असते, पण दावा जिवंत राहतो. इथे निर्लेखन झाल्याक्षणी दावाच संपतो. पुढे बँक सावरली, नफ्यात आली, तिचा शेअर चढला, तरी त्यातलं काहीही रोखेधारकाकडे येत नाही. त्यामुळे या रोख्याला चांगला दिवस आणि पूर्ण शून्य यांच्या मधली पायरी जवळजवळ नाहीच.

हा शून्याचा दिवस कधी येतो, हे नियमांत दोन प्रकारे सांगितलेलं आहे. पहिली खूण आकड्याची. भागभांडवलाचं प्रमाण ठरलेल्या पातळीखाली गेलं की निर्लेखन किंवा शेअरमध्ये रूपांतर होतं. येस बँकेच्या वेळी ही पातळी ५.५ टक्के होती, नंतर ती ६.१२५ टक्के झाली. दुसरी खूण रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाची. ही बँक आता स्वतःच्या बळावर तग धरू शकत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं मत झालं की रोखे कायमचे पुसले जातात. बहुतेक गुंतवणूकदार पहिल्या खुणेवर नजर ठेवतात, कारण ती मोजता येते. दर तिमाहीला प्रमाण छापून येतं, ते साडेपाचपासून किती दूर आहे ते दिसतं आणि धीर येतो.

येस बँकेनं हा धीर किती पोकळ आहे ते दाखवून दिलं. सप्टेंबर २०१९ अखेर बँकेचं भागभांडवलाचं प्रमाण ८.७ टक्के होतं, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या बरंच वर. डिसेंबर तिमाहीचे आकडे लांबणीवर पडले. ते जाहीर झाले १४ मार्चला, निर्लेखनाच्याच दिवशी. तिमाहीचा तोटा साडेअठरा हजार कोटींहून जास्त होता आणि प्रमाण होतं ०.६ टक्के. ८.७ आणि ०.६ यांच्यामध्ये गुंतवणूकदाराला कुठलाही आकडा मिळाला नाही. त्याआधीच ५ मार्चला रिझर्व्ह बँकेनं संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक नेमला होता आणि ठेवीदारांवर ५० हजार रुपयांची मर्यादा घातली होती. दुसऱ्या दिवशी आलेल्या पुनर्रचनेच्या मसुद्यात एटी-१ रोख्यांच्या निर्लेखनाचा उल्लेखही होता.

हे प्रमाण उशिरा का पडतं, यामागे साधं कारण आहे. ते बँकेनं स्वतः कबूल केलेल्या तोट्यावर अवलंबून असतं. कर्ज थकलं आहे हे बँकेनं मान्यच केलं नाही, तर तरतूद होत नाही, नफा फुगलेला राहतो आणि भांडवल शाबूत दिसतं. म्हणून येस बँकेची खरी खूण भांडवलाच्या आकड्यात नव्हती, ती थकीत कर्जांच्या आकड्यात होती आणि बरीच आधी छापून आली होती. २०१५-१६ साठी बँकेनं सुमारे ७४९ कोटींची थकीत कर्जं दाखवली. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो आकडा ४,९०० कोटींच्या वर निघाला. पुढच्या वर्षी बँकेनं सुमारे २,०१८ कोटी सांगितले, तपासणीत ८,३७३ कोटी निघाले. दुसऱ्या वर्षीची ही तफावत जाहीर झाली ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि त्याच महिन्यात बँकेनं ९ टक्क्यांनी ५,४१५ कोटींचे नवे बेमुदत रोखे विकले. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकेचे मुख्य कार्यकारी राणा कपूर यांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच मर्यादित केली. त्यानंतर बँकेला नवं भागभांडवल उभारणं सतत जड जात राहिलं.

एटी-१ रोखा हाती असलेल्यानं पाहायच्या गोष्टी अशा आहेत: बँकेचा हिशेब आणि नियामकाचा हिशेब यांत किती अंतर आहे, आणि बँकेला बाजारातून नवं भांडवल मिळतं आहे का. पतमानांकन या दोन्हींच्या मागून येतं. विक्रीच्या वेळी येस बँकेचे रोखे 'डबल ए' श्रेणीत होते. मानांकन पायरी-पायरीनं उतरलं, पण जेव्हा ते तळाला पोचलं तेव्हा विकायला ग्राहकच नव्हता. मानांकनात आणखी एक मर्यादा आहे. ते प्रामुख्यानं वेळेवर पैसे मिळण्याची शक्यता सांगते, पैसे बुडाल्यावर हाती काय उरेल याबद्दल फारसं बोलत नाही. सामान्य रोख्यात हा फरक दुय्यम ठरतो, इथे तोच मुख्य आहे.

आता भागधारक टिकले आणि रोखेधारक बुडाले, या सुरुवातीच्या प्रश्नाकडे. बँक बंद करून तिची मालमत्ता वाटली गेली, तर एटी-१ धारकांचा क्रमांक भागधारकांच्या आधी लागतो. पण ही क्रमवारी बँक बंद पडण्यासाठी आहे. निर्लेखन होतं ते बँक चालू ठेवण्यासाठी, आणि तिथे आधी शेअर शून्य झालेच पाहिजेत अशी अट नाही. त्या मार्चमध्ये स्टेट बँकेनं ६,०५० कोटी आणि इतर बँका व वित्तसंस्थांनी मिळून जवळपास चार हजार कोटी घातले. जुने शेअर चालू राहिले. ८,४१५ कोटींचं देणं नाहीसं झालं, ती रक्कम थेट भांडवलात जमा झाली आणि नव्या-जुन्या भागधारकांच्या बाजूला उभी राहिली.

आठ महिन्यांनी लक्ष्मी विलास बँकेत चित्र वेगळं निघालं. ती बँक डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत विलीन करताना जुने शेअर पूर्ण रद्द केले गेले आणि टियर-२ रोखेही पुसले गेले, सुमारे ३१८ कोटींचे. टियर-२ रोखे एटी-१ पेक्षा वरच्या पायरीवर मानले जातात, आणि येस बँकेत त्यांना हात लागला नव्हता. एका वर्षात, एकाच नियामकाखाली, दोन बँकांमध्ये तोट्याचा क्रम दोन प्रकारे लागला. यात रिझर्व्ह बँकेनं मनमानी केली असं मी म्हणत नाही. कोसळणाऱ्या बँकेला दोन-चार दिवसांत वाचवताना ज्याला जे जमेल ते करावं लागतं, आणि दोन्हीकडे ठेवीदार वाचले हे मोठं काम झालं. पण गुंतवणूकदारानं हे ओळखलं पाहिजे की त्याचा क्रमांक कुठे लागेल हे आधी ठरलेलं नाही. ते त्या आठवड्यात, वाचवायला कोण पुढे येतं आणि कोणत्या अटींवर, यावर ठरतं.

स्वित्झर्लंडमध्ये १९ मार्च २०२३ रोजी हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. क्रेडिट स्विस बँक यूबीएसच्या ताब्यात देताना तिथल्या फिनमा या नियामकानं सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-१ रोखे शून्य केले आणि भागधारकांना मात्र सुमारे तीन अब्ज फ्रँकचे यूबीएस शेअर मिळाले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय संघाच्या बँकिंग नियामकांना जाहीर करावं लागलं की आमच्याकडे आधी भागभांडवल तोटा सोसेल, मगच एटी-१. स्पेनच्या बँको पोप्युलारमध्ये २०१७ साली तसंच झालं होतं. ती बँक एक युरोला सांतांदेरला विकली गेली, शेअर आणि सुमारे सव्वा अब्ज युरोचे एटी-१, दोन्ही शून्य झाले.

येस बँक आणि क्रेडिट स्विस, ही दोन्ही प्रकरणं न्यायालयात गेली आणि दोन्ही ठिकाणी रोखेधारकांना पहिल्या पायरीवर यश मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं येस बँकेतलं निर्लेखन रद्द ठरवलं. त्यामागचा तर्क वाचण्यासारखा आहे. मसुद्यात असलेली निर्लेखनाची तरतूद १३ मार्चला अधिसूचित झालेल्या अंतिम योजनेत नव्हती. पुनर्रचना त्या दिवशी झालेली होती, तेव्हा १४ मार्चला हा निर्णय घेण्याचा अधिकार प्रशासकाकडे उरला नव्हता. न्यायालयानं अंमलबजावणीला काही आठवडे थांबवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे स्थगिती पुढे चालू राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानंही क्रेडिट स्विसचं निर्लेखन बेकायदा ठरवलं. करारात लिहिलेली घटना घडलीच नव्हती आणि तातडीच्या वटहुकमाचा आधार पुरेसा नव्हता, असं त्याचं म्हणणं. त्यावरही वरच्या न्यायालयात अपील झालं. या निकालांतून अनेकांनी दिलासा घेतला, पण दोन्हींचा रोख निर्णय कोणी, कधी आणि कोणत्या अधिकारानं घेतला यावर आहे. भागधारकाच्या आधी रोखेधारक बुडू शकत नाही, असं तत्त्व त्यांतून निघत नाही. पुढचा प्रशासक हेच निर्लेखन एक दिवस आधी आणि योजनेत स्पष्ट लिहून करेल.

मुद्दल बुडण्याची गोष्ट सोडली तरी किमतीची जोखीम उरते आणि ती निरोगी बँकेच्या रोख्यातही असते. भारतीय बाजार हे रोखे पाच किंवा दहा वर्षांनी परत घेतले जातील असं धरूनच भाव लावतो, कारण बँका बहुधा तसं करतात. ९ टक्क्यांच्या रोख्याला पाच वर्षांनी पैसे मिळणार असतील आणि बाजारातला दर १० टक्के झाला, तर किंमत १०० वरून सुमारे ९६ वर येते. पैसे कधीच मिळणार नसतील तर तीच किंमत ९० वर येते. दर चढलेले असताना स्वस्त रोखा परत करून महाग काढण्यात बँकेचा फायदा नसतो, म्हणजे परतफेड टळण्याची शक्यता नेमकी तेव्हाच वाढते. सांतांदेरनं २०१९ मध्ये दीड अब्ज युरोचा रोखा पहिल्या तारखेला परत घेतला नाही, तेव्हा युरोपातल्या गुंतवणूकदारांना याची पहिली मोठी जाणीव झाली. आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये सेबीनं म्युच्युअल फंडांना या रोख्यांची मुदत १०० वर्षं धरायला सांगितलं, तेव्हा इतकी खळबळ झाली की अर्थ मंत्रालयानं ती अट मागे घेण्याची विनंती केली. सेबीनं ती टप्प्याटप्प्यानं आणली आणि २०२४ मध्ये मूल्यांकनापुरतं परतफेडीच्या तारखेकडे परत गेली. बेमुदत कागदाची खरी किंमत काय, यावर नियामक आणि बाजार यांचं अजून नीट जुळलेलं नाही.

व्याज न देण्याची मुभा हा यातला सर्वांत कमी तपासला गेलेला भाग, कारण आपल्याकडे तशी वेळ येऊ दिली जात नाही. जुलै २०१८ मध्ये सरकारनं पाच सरकारी बँकांना सुमारे ११,३०० कोटी रुपये दिले, त्यामागे या रोख्यांचं व्याज चुकू नये हेही एक कारण होतं. त्यामुळे सरकारी बँकांच्या रोख्यांना सरकारची हमी आहे असा समज घट्ट झाला. कागदावर तशी हमी कुठेही नाही.

या सगळ्याची सर्वांत वेदनादायक बाजू विक्रीची आहे. एप्रिल २०२१ च्या सेबीच्या आदेशानुसार १,३४६ व्यक्तींनी येस बँकेच्या या रोख्यांत सुमारे ६७९ कोटी रुपये घातले होते. त्यांतले १,३११ जण आधीपासून त्याच बँकेचे ग्राहक होते. २७७ जणांनी मुदत ठेव मुदतीआधी मोडून सुमारे ८० कोटी रुपये इकडे वळवले. सेबीचा निष्कर्ष असा की मोठ्या संस्थांनी घेतलेले रोखे बँकेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागानं व्यक्तींच्या गळ्यात मारले. ते ठेवीसारखे, 'सुपर एफडी' म्हणून दाखवले गेले आणि जोखीम सांगितली गेली नाही. सेबीनं बँकेला २५ कोटींचा दंड केला, बँकेनं अपील केलं आणि वसुलीला स्थगिती मिळाली. दंडाचं पुढे काहीही होवो, ठेव मोडून रोखा घेतलेल्या त्या २७७ जणांचा प्रवास मला विसरता येत नाही. ते एकाच बँकेत, एकाच कर्मचाऱ्यासमोर बसून, रांगेच्या सर्वांत सुरक्षित टोकाकडून सर्वांत धोक्याच्या टोकाकडे गेले, आणि बदल्यात त्यांना दोन टक्के जास्त मिळत होते.

ऑक्टोबर २०२० पासून हे रोखे थेट फक्त पात्र संस्थांनाच विकता येतात आणि किमान व्यवहार एक कोटींचा आहे. म्हणून हा विषय आता सामान्य माणसाचा राहिला नाही असं वाटू शकतं. पण म्युच्युअल फंडांच्या कर्जरोखे योजना हे रोखे घेतात. एका योजनेत त्यांची मर्यादा १० टक्के आणि एका बँकेपुरती ५ टक्के आहे. योजनेच्या मासिक पोर्टफोलिओ पत्रकात बँकेच्या नावापुढे 'बेमुदत', 'एटी-१' किंवा 'बासेल-३ टियर-१' असं लिहिलेलं असतं. एका बँकेचे असे ५ टक्के रोखे असलेल्या योजनेत दहा लाख रुपये ठेवले, तर त्यांतल्या पन्नास हजारांवर वर लिहिलेल्या सगळ्या अटी लागू आहेत. शून्याची वेळ आली तर ते पन्नास हजार एका दिवसात जातील, आणि योजनेच्या ७ टक्के परताव्यातून ते भरून यायला आठ-नऊ महिने लागतील. पत्रकातल्या त्या ओळीसमोर बँकेचं नाव कोणतं आहे, तिचे थकीत कर्जांचे आकडे रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांशी कितपत जुळले आणि तिनं शेवटचं भागभांडवल कधी, कोणाकडून उभारलं, एवढं शोधायला फार वेळ लागत नाही. ही माहिती बँकेच्या वार्षिक अहवालात असते, आणि तफावत ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ती तिथे जाहीर करणं बँकेवर बंधनकारक आहे.